गिरणी लालबागला, चूल गावाला

*मॅडम, पुस्तकात लिहिलंय की कारखानदारी आली, कुटुंबाची कामं शाळा-दवाखान्यांकडे गेली आणि म्हणून विभक्त कुटुंब आलं. माझे पणजोबा लालबागच्या गिरणीत होते, आजोबाही. तरी आमचं संगमेश्वरचं घर आजही एकच मानतात. मग कुटुंबाची कार्यं नेमकी कोणती, आणि विभक्त कुटुंबाचा औद्योगिक समाजाशी संबंध लावतात तो कशाच्या जोरावर?*

पुस्तकातल्या त्या वाक्यात तीन वेगवेगळी विधानं एकात एक कोंबलेली आहेत. कारखानदारीला छोटं कुटुंब सोयीचं पडतं, हे पहिलं. कारखानदारीमुळे छोटं कुटुंब तयार होतं, हे दुसरं. कुटुंबाची कामं इतर संस्थांनी उचलली म्हणून हे घडतं, हे तिसरं. पहिल्यात बराच दम आहे. दुसरं इंग्लंडमध्येच लंगडं पडतं. तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तुमच्या घरासारखी घरं समजून घ्यायची किल्ली तिथे आहे. फक्त ते उलट्या बाजूनेही वाचायला हवं: संस्थांनी कामं उचललीच नाहीत, तर काय होतं?

कार्यांचं आधी उरकून घेऊ, कारण परीक्षेत तेवढंच पाठ करून येतात. मर्डॉक या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९४९ साली अडीचशे समाजांची माहिती तुलनेला घेतली आणि म्हटलं की पती, पत्नी आणि मुलं एवढा गाभा सगळीकडे सापडतो आणि तो चार कामं करतो: लैंगिक संबंधांचं नियमन, मूल जन्माला घालणं, आर्थिक सहकार्य आणि मुलांना वळण लावणं. यावर मोठा आक्षेप आपल्या शेजारूनच आला. केरळच्या नायर घरांत जुन्या काळी नवरा बायकोच्या घरी कायमचा राहत नसे आणि मुलांची जबाबदारी आईच्या भावांच्या घराण्यावर असे. चारही कामं होत होती, पण ती करणारा गट पती-पत्नी-मुलं हा नव्हता. काम एक आणि ते कोण करतं हे दुसरं, ही फारकत इथेच डोक्यात पक्की करा, पुढे सगळं तिच्यावर उभं आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टाल्कॉट पार्सन्सने १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मध्यमवर्गाकडे बघून वेगळा प्रश्न घातला. शिक्षण शाळेकडे गेलं, उत्पादन कारखान्याकडे, आजारपण इस्पितळाकडे, म्हातारपण पेन्शनकडे. मग कुटुंबाकडे उरलं काय? त्याचं उत्तर: दोनच गोष्टी, पण त्या दुसऱ्या कोणाला जमणार नाहीत अशा. एक म्हणजे लहान मुलाच्या अंगी समाजाची रीत मुरवणं. दुसरी म्हणजे दिवसभर बाहेर झिजून आलेल्या मोठ्या माणसाचं मन ताळ्यावर ठेवणं. कुटुंब दुबळं झालं असं तो म्हणत नव्हता, ते आता एका विशेष कामाला वाहिलेलं झालं आहे असं त्याचं म्हणणं. टीका करण्याआधी एवढं नीट समजून घ्यायला हवं.

आता छोट्या कुटुंबाचा आणि कारखान्याचा मेळ का बसतो, याबद्दलची पार्सन्सची मांडणी. उद्योग जिथे वाढतो तिथे कामगार गेला पाहिजे. ज्याच्या पाठीशी बारा माणसांचं खटलं आहे तो चटकन हलत नाही, बायको आणि दोन मुलं असलेला हलतो. दुसरी बाब याहून बारीक आहे. कारखान्यात माणसाची किंमत त्याच्या कामावर ठरते, घरात ती वयावर आणि नात्यावर ठरते. समजा धाकटा भाऊ खात्याचा साहेब झाला आणि थोरला त्याच्या हाताखाली साच्यावर उभा आहे. संध्याकाळी दोघं एकाच चुलीवर जेवणार असतील तर रोज कुणाचा तरी मान जाणार. म्हणून घर असं हवं की त्यातला एकच माणूस नोकरीच्या दुनियेशी जोडलेला असेल. बाकीची माणसं त्याच्यावर अवलंबून असतील, त्याच्याशी स्पर्धेत नसतील. पार्सन्स या घराला ‘सुटं’ म्हणतो, त्याचाही विपर्यास होतो. सुटं म्हणजे नातेवाइकांकडे जाणं-येणं बंद असं नाही. नातेवाइकांसाठी काही करावं ही सक्ती उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मांडणी सुबक आहे. पण ती सोयीची गोष्ट सांगते, ते कसं घडलं हे सांगत नाही.

इंग्लंडमध्ये पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने जुन्या वस्तीनोंदी काढल्या. १५७४ ते १८२१ या काळातल्या शंभर गावा-पेठांत घरामागे सरासरी माणसं भरली पावणेपाच, आणि आई-वडील-मुलांपलीकडचा नातेवाईक घरात असलेली घरं साधारण दहा टक्के. म्हणजे कापसाच्या गिरण्या यायच्या कितीतरी आधी तिथलं सामान्य घर छोटंच होतं. लग्नं विशीच्या मध्यावर व्हायची, जोडपं स्वतःचं बिऱ्हाड थाटल्याशिवाय लग्नच करत नसे, आणि आजी-आजोबा नातवंडांबरोबर फार वर्षं राहतील इतकं आयुष्यच नव्हतं. गंमत पुढे आहे. मायकेल अँडरसनने लँकेशायरमधल्या प्रेस्टन या गिरणगावाची १८५१ ची जनगणना उलगडली, तर तिथे नातेवाईक सामावून घेतलेली घरं सुमारे २३ टक्के निघाली. ऐन गिरण्यांच्या गावात कुटुंब फुगलं होतं! कारण उघड आहे. खोल्या महाग, पगार तुटपुंजा, बायका कामावर, आजारपणात किंवा आई-बाप मेले तर विचारणारं सरकार नाही. आजी घरात असली की तान्ह्या मुलाकडे बघते, भाचा घरात असला की भाड्याला हातभार लावतो. नात्याची माणसं हाच विमा होता.

प्रेस्टनचं हे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने सांगितलं, कारण परळ-लालबागचं गणित तेच आहे, फक्त त्याची मांडणी दोन गावांत झाली.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापली, दोन वर्षांनी ती सुरू झाली. पुढची शंभर वर्षं गिरण्यांना माणसं पुरवली ती प्रामुख्याने कोकणाने, त्यातही तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याने, आणि घाटावरच्या सातारा-पुण्याकडच्या गावांनी. पार्सन्सच्या हिशेबाने हे कामगार बायको-मुलांसह येऊन छोटी बिऱ्हाडं करायला हवी होती. प्रत्यक्षात १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. पुरुष आला, कुटुंब आलं नाही.

का आलं नाही, हे एका घरावरून पाहू. ज्या घरांत बसून मी वर्षानुवर्षं ऐकलं, त्या अनेक घरांतून हे एक घर मी वर्गासाठी जुळवलं आहे, तेव्हा ते कुण्या एकाचं नाही. पण तुमच्याकडे थोरल्यांना विचाराल तर बरंचसं ओळखीचं निघेल.

संगमेश्वर तालुक्यात तीन भाऊ. भाताची थोडी खाचरं, वरकस जमीन, चार आंबे-फणस. भात वर्षभर पुरत नाही आणि रोख पैसा तर नाहीच. सारा, लग्न, सावकार, सगळ्याला रोकड लागते. म्हणून १९३० च्या सुमाराला थोरला आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरतो. त्याला नोकरी कोण देतं? गिरणीचा फाटक सगळ्यांना उघडा नसे. माणसं घेण्याचा अधिकार मुकादमाच्या हातात, आणि मुकादमापर्यंत पोचायचं ते गाववाल्याच्या किंवा मामाच्या ओळखीने. आरंभी तो बदली कामगार. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी आलं नसेल तर त्याच्या जागी काम मिळणार, नाहीतर हात हलवत परत. म्हणजे कामगार मिळवून देण्याचं काम इथे नात्याने आणि गावकीने केलं. कर्तृत्व पाहून निवड ही पार्सन्सची अट पहिल्याच पायरीवर फसली. पुढे तर निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या वारसाला गिरणीत चिकटवून घ्यायची वहिवाट पडली आणि नोकरीच बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, जमिनीसारखी.

राहायचं कुठे? गावकीच्या खोलीत. एका गावची माणसं मिळून चाळीत एक खोली भाड्याने घेत, कुठे कुठे तिला गाळा म्हणत. भाडं वाटून. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला पथारी टाकणार. भिंतीला खुंट्या, प्रत्येकाची ट्रंक, ट्रंकेवर नाव. माणसं इतकी की सगळी एकदम घरात असती तर पाय ठेवायला जागा झाली नसती, पण पाळ्यांमुळे ती कधी एकदम घरात नसायचीच. उन्हाळ्यात अर्धी माणसं गॅलरीत आणि फुटपाथवर झोपत.

जेवायचं कुठे? खाणावळीत. खाणावळ म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या कामगाराची बायको. नवऱ्याचा पगार पुरत नाही, म्हणून ती आपल्या खोलीत दहा-पंधरा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करणार. पहिली पाळी सकाळी सातला असेल तर हिची चूल पहाटे तीन-चारला पेटलेली. पैसे महिन्याच्या पगाराला, आणि पगार थकला की हिची उधारी वाण्याकडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मर्डॉकच्या यादीतलं ‘आर्थिक सहकार्य’ इथे पाहा: एका घराची बायको पैसे घेऊन दुसऱ्या दहा घरांच्या पुरुषांना जेवू घालते आणि त्या दहा जणांच्या बायका गावाला भात लावतात.

आता त्या संगमेश्वरच्या घराकडे वळा. थोरल्याची बायको गावाला, सासू-सासऱ्यांजवळ. मुलं तिथेच जन्मली, तिथेच वाढली. मधला भाऊ शेती बघतो, थोरल्याच्या बायको-पोरांवर त्याची नजर असते आणि तो थोरल्याच्या वाटणीचं काम करतो, म्हणून थोरल्याने दरमहा मनीऑर्डर पाठवायची. ही मनीऑर्डर बायकोच्या नावाने नाही, बापाच्या नावाने. बाप गेल्यावर मधल्या भावाच्या. फॉर्मच्या तळाला दोन ओळी लिहायची जागा असे, त्यात ‘म्हातारीच्या औषधाला यातले पाच वेगळे ठेवणे’ एवढंच मावायचं, आणि सगळ्या घराचा कारभार त्या दोन ओळींवर चाले. उलट दिशेने गणपती-शिमगा करून परतताना पोत्यातून तांदूळ, कुळीथ, आमसुलं मुंबईला येत.

आता कार्यांचा हिशेब मांडा. मूल जन्माला घालणं आणि वाढवणं गावात. आजारपण गावात, क्षय झालेला कामगार गावालाच परत जाई. म्हातारपण गावात, मंदीत गिरणी बंद पडली तर आसरा गावात. मुंबईत फक्त श्रम आणि पगार. हे दोन तुकडे मिळून एकच कुटुंब होतं आणि ते उद्योगाच्या आड येत नव्हतं, उलट त्याला पोसत होतं. गिरणीमालक कामगाराला एका माणसाच्या पोटापुरता पगार देऊ शकत होता, कारण पुढचा कामगार वाढवण्याचा आणि जुना झालेला सांभाळण्याचा खर्च कोकणातलं एक भातखाचर आणि तिथली बाई उचलत होती. छोटं कुटुंब नव्हे, हे दोन ठिकाणी पसरलेलं मोठं कुटुंब मुंबईच्या कारखानदारीला ‘सोयीचं’ पडलं होतं. माझ्या मते पार्सन्सवरचा हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि तो पुस्तकात एका ओळीतही येत नाही याची मला चीड येते.

मग मुंबईत विभक्त बिऱ्हाड आलं कधी? ते काही घरांत आलं, तेही उशिरा, आणि कसं आलं ते बघण्यासारखं आहे.

थोरल्याचा मुलगा स्वातंत्र्याच्या आसपास वडिलांच्या ओळखीने गिरणीत लागतो आणि काही वर्षांत कायम होतो. एव्हाना परिस्थिती बदलली आहे. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय कायदा झाला, पुढे त्याचे दवाखाने आले. १९५२ पासून भविष्यनिर्वाह निधी. संघटनांमुळे पगार आणि महागाई भत्ता वाढला. महापालिकेची शाळा चाळीपासून हाकेच्या अंतरावर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावावर खोली. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बांधलेल्या बीडीडी चाळी डोळ्यांपुढे आणा: एकूण २०७, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फूट. कोपऱ्यात मोरी, वर माळा, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. आता हा मुलगा बायकोला आणतो. आजारपण, म्हातारपण, शिक्षण यातलं एकेक काम गावातून उठून मुंबईतल्या एखाद्या संस्थेकडे जातं तसतसं बायकोला गावाला ठेवण्याचं कारण एकेक करून संपतं. म्हणून म्हटलं, पुस्तकातलं तिसरं विधान मोलाचं आहे. विभक्त बिऱ्हाड गिरणीच्या भोंग्याने आणलं नाही. कायम नोकरी, खोलीची पावती, ईएसआयचं कार्ड आणि फंड यांनी मिळून ते आणलं, आणि तेवढ्यांपुरतंच, ज्यांना हे चारही मिळालं. बदली कामगाराची बायको तेव्हाही गावालाच होती.

आणि तेव्हाही ते बिऱ्हाड चौकोनी राहिलं नाही. धाकट्या चुलत्याचा मुलगा मॅट्रिकसाठी येऊन राहतो, मग नोकरीसाठी दुसरा. बायको बाळंतपणाला गावी जाते. १६० चौरस फुटांत सात माणसं, आणि जनगणनेला विचारलं तर एक चूल म्हणून एक घर.

इथे बायकांच्या कामाचा एक दुवा जोडला पाहिजे, कारण ‘एक कमावता पुरुष’ हे चित्र आपोआप आलेलं नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, मुख्यतः रिळिंग आणि वायंडिंग म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. पुढच्या दशकांत हा वाटा घसरत नगण्य झाला. बायकांना रातपाळी बंद होती, १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाल्यावर बाईला कामावर ठेवणं मालकाला महाग वाटू लागलं, नवी यंत्रं आली ती बायकांच्याच खात्यांत माणसं कमी करायला. यातलं कुठलं कारण जास्त वजनाचं यावर अभ्यासकांत वाद आहे. पण बाई घरी बसली ती कुटुंबाच्या ‘कार्या’च्या गरजेने, असं म्हणायला पुरावा तोकडा आहे. शिवाय ती बसली कुठे? खाणावळ चालवली, पापड लाटले, धुणीभांडी केली. पार्सन्स म्हणतो तसं कमावणारा पुरुष आणि मन सांभाळणारी बाई अशी वाटणी चाळीत क्वचितच दिसली. मन सांभाळायला तिला वेळ असायला हवा होता.

आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, तो विरून गेला. पगार थांबला तशा ईएसआय, फंड, कायम नोकरी या सगळ्या खुंट्या एकदम निखळल्या. काय झालं? असंख्य घरांनी बायको-मुलं गावी पाठवली, शाळेतून नावं काढून. गावच्या मधल्या भावाकडून तांदूळ आला. वीस-पंचवीस वर्षं ‘विभक्त’ म्हणून नोंदलेली बिऱ्हाडं काही महिन्यांत पुन्हा जुन्या घराला जाऊन चिकटली. नातं मोडलं असतं तर चिकटली नसती. याचा दुसरा पदरही आहे: ज्यांनी मधल्या वर्षांत गावाला पैसे पाठवणं सोडलं होतं किंवा वाटणीवरून भांडण केलं होतं, त्यांना गावात कोणी भाताच्या पेजेलाही विचारलं नाही. घाटावरच्या भूमिहीन घरांना तर परतायला घरच नव्हतं. एकत्र कुटुंब सगळ्यांनाच आसरा देतं, असा गोड समज करून घेऊ नका. ते ज्यांच्याकडे जमीन आहे आणि ज्यांनी देणंघेणं चालू ठेवलंय त्यांनाच देतं.

दुसऱ्या टोकाला व्यापारी घरं आहेत. मुंबईच्या मुळजी जेठा कापड मार्केटमधल्या पेढीचं भांडवल, पत आणि हिशेबाचा विश्वास हे सगळं एकत्र कुटुंबातच असतं, तिथे कुटुंब मोडणं म्हणजे धंदा मोडणं. मिल्टन सिंगर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी मद्रासच्या एकोणीस उद्योगपती घराण्यांचा अभ्यास केला तेव्हा कारखाने काढूनही एकत्रपणाची चौकट टिकलेली आढळली. आपला प्राप्तिकर कायदा तर हिंदू अविभक्त कुटुंबाला आजही करदाता म्हणून वेगळं स्थान देतो. आधुनिक राज्यसंस्था आणि जुनी कुटुंबरचना असं सरळ भांडण मांडणाऱ्यांनी ही एक गोष्ट विचारात घ्यावी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम गुड यांनी १९६३ मध्ये हे मोकळेपणाने मान्य केलं होतं की वरच्या वर्गाकडे वाटून द्यायला काही असतं, म्हणून त्यांची नाती जास्त टिकतात. आणि जग पती-पत्नीच्या कुटुंबाकडे वळतंय ते केवळ कारखान्यामुळे नाही, जोडीदार निवडण्याचा, स्वतःच्या मर्जीने राहण्याचा विचारही त्यात आहे. सासूच्या हाताखाली राहायचं नाही म्हणून वेगळं बिऱ्हाड मागणारी सून हे गिरणीपेक्षा जुनं आणि गिरणीइतकंच खरं कारण आहे.

तुमच्या प्रश्नात ‘घर एकच मानतात’ असं आहे, तिथे अभ्यासाची एक तांत्रिक अडचण दडली आहे. जनगणना घर मोजते ते एका स्वयंपाकात जेवणारी माणसं म्हणून. १९३० सालचा थोरला तिच्या वहीत गाळ्यातला एक सुटा पुरुष ठरणार, आणि त्याची बायको गावच्या घरातली एक सून. दोन्ही नोंदी खऱ्या, पण त्यांतून कुटुंब दिसत नाही. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुव्यात हेच दाखवलं: राहणं वेगळं असूनही मालमत्ता, पैशाची मदत आणि कर्तव्यं एकत्र असू शकतात, म्हणून एकत्रपणा खोल्या मोजून ठरवता येत नाही. ए. एम. शहांनीही घर आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा असं बजावलं. त्यात वेळेचाही घोळ आहे. लग्न झालं की वेगळं बिऱ्हाड, आई म्हातारी झाली की तीन पिढ्या, आई गेली की पुन्हा चौघं. अशा घराचा एखाद्या वर्षी फोटो काढून ‘विभक्त कुटुंबं वाढली’ असं म्हणणं धोक्याचं. विद्यार्थी सर्वेक्षणाला जातात तेव्हा ‘घरात किती जण?’ एवढंच विचारून येतात आणि निष्कर्ष काढतात, तिथेच गाडं अडतं.

तुमच्या पिढीचं सांगायचं तर डोंबिवली-बदलापूरचा वन बीएचके, दोघं नोकरीला, एक मूल: वरून पाहिलं तर पार्सन्सचं चित्र. पण मूल सहा महिन्यांचं झालं की गावाहून आजी येते आणि तीन-चार वर्षं राहते, कारण पाळणाघर परवडत नाही किंवा त्यावर भरवसा नाही. पाळणाघराचं काम कुणी नीट उचललं नाही, म्हणून ते नात्यातल्या बाईकडे परत आलं. प्रेस्टनच्या आजीला आणि बदलापूरच्या आजीला घरात आणणारं कारण एकच आहे. जिथे सोसायटीत चांगलं पाळणाघर आहे आणि ऐपत आहे, तिथे आजी फक्त सुट्टीत येते.

परीक्षेत लिहायचं तर मर्डॉक आणि पार्सन्स थोडक्यात लिहा, लॅस्लेट-अँडरसनने क्रम कसा उलटवला ते सांगा, आणि उरलेली जागा गिरणगावाला द्या. तुमच्या घरावर प्रकल्प करायचा असेल तर वंशावळ काढण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या: पणजोबांची मनीऑर्डर कुणाच्या नावाने जायची, आजी मुंबईला कोणत्या वर्षी आली आणि तेव्हा आजोबा कायम होते का, ८२ च्या संपात तांदूळ कुठून आले, आणि संगमेश्वरच्या घराची घरपट्टी आज कोण भरतं. चौथ्या प्रश्नाला दोन काकांची दोन उत्तरं आली तर दोन्ही लिहून घ्या.